साखरपुड्याच्या ट्रफल्सची वही: गनाशमधलं पाणी आणि फॅट

२८ एप्रिल, फोंडा

साखरपुड्याची ऑर्डर पक्की झाली. १७ मे, संध्याकाळी. दोन किलोचा चॉकलेट केक, आत गनाशचं, म्हणजे गरम क्रीममध्ये एकजीव केलेल्या चॉकलेटचं फिलिंग, वरून गनाशचंच ग्लेझ, आणि पाहुण्यांना द्यायला १२० ट्रफल्स, म्हणजे घट्ट गनाशचे वळलेले छोटे गोळे. हॉलमध्ये एसी आहे, पण जेवणं बाहेर मांडवात. आज दुपारी स्वयंपाकघरातला काटा ३२ अंशांवर होता. मे मध्यावर आला की हवेतला ओलावा आणखी वाढेल. म्हणून सगळं आधी करून बघायचं आणि लिहून ठेवायचं ठरवलं.

आजवर मी गनाश ठरलेल्या प्रमाणांनी करत आले: ग्लेझला चॉकलेट आणि क्रीम समसमान, फिलिंगला दीडास एक, ट्रफल्सना दोनास एक. चॉकलेट आधी, क्रीम नंतर, दोन्ही वजनाने. वाटीने कधीच नाही, कारण चिरलेलं चॉकलेट वाटीत कसं बसतं ते चिरणाऱ्या हातावर असतं. डार्क चॉकलेटला ही प्रमाणं बरोबर आहेत. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटमध्ये कोको कमी, म्हणून तिथे चॉकलेट बरंच जास्त घालावं लागतं. या ऑर्डरीत ती दोन्ही नाहीत, त्यामुळे तो विषय इथेच ठेवते.

पण या प्रमाणांमागे ३५ टक्के फॅटचं क्रीम गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे दुकानात सहज मिळतं ते टेट्रापॅकचं, २५ टक्क्यांचं. त्यात फॅट कमी म्हणजे पाणी जास्त. १०० ग्रॅममध्ये साधारण ६९ ग्रॅम पाणी, ३५ टक्क्यांच्या क्रीममध्ये ५९ च्या आसपास. चॉकलेटचंही तसंच. माझ्याकडे दोन डार्क आहेत: एक ५५ टक्के कोकोचं, पाकिटावर फॅट ३६ टक्के, दुसरं ७० टक्क्यांचं, फॅट ४२. दोन्हींत कोको बटरच आहे, वनस्पती तुपाचं कंपाउंड नाही. कंपाउंडचं वागणं वेगळं, त्याला या नोंदी लावू नयेत.

म्हणून या वहीत प्रत्येक प्रमाणापुढे आणखी एक आकडा लिहिणार आहे: एकूण फॅट भागिले एकूण पाणी. गनाश म्हणजे पाण्यात विखुरलेले फॅटचे बारीक थेंब. पाणी त्यांना पुरलं तर ते चकचकीत एकजीव राहतं. पाणी कमी पडलं की थेंब एकमेकांना मिळतात आणि तेल सुटतं. हलव्याला तूप सुटलं की आपण गॅस बंद करतो, पदार्थ झाला म्हणतो. गनाशला तेल सुटलं की ते फाटलेलं असतं.

३० एप्रिल

ग्लेझ. ५५ टक्क्यांचं चॉकलेट २०० ग्रॅम, क्रीम २०० ग्रॅम. फॅट १२२, पाणी १३८, म्हणजे ०.९. फाटायची भीतीच नाही. केकच्या तुकड्यावर ओतलं, सुंदर पसरलं, आरशासारखं. पण अर्ध्या तासाने कडेने खाली सरकून ताटलीत साचलं आणि वरची कड उघडी पडली. थंड हवेत जे ग्लेझ जागेवर बसतं ते आपल्या स्वयंपाकघरात बसत नाही.

दुसऱ्यांदा चॉकलेट २४० केलं, क्रीम २०० च, शिवाय १५ ग्रॅम लिक्विड ग्लुकोज चकाकी टिकायला. १.२ ला एक. केक फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवला. थेट काढलेल्या केकवर ओतलं की ग्लेझ लागलीच गोठतं आणि सुरीच्या रेघा राहतात. ३३ अंशांवर ओतलं. चमचा उलटा धरला की मागच्या बाजूला जाडसर थर राहतो आणि बोटाने रेघ मारली तर ती मिटत नाही, हीच ओतायची खूण. हे ठेवायचं.

२ मे

फिलिंग. दीडास एकने केलं, दोन थरांत अर्धा सेंटीमीटर लावलं, वर किलोभर वजनाचा डबा ठेवून तासभर बाहेर ठेवलं. कडेने फुगून बाहेर आलं. पावणेदोनास एक केल्यावर थांबलं: चॉकलेट ३५०, क्रीम २००. फॅट १७६, पाणी १३८, म्हणजे १.२८. लावताना २८ अंशांच्या आसपास असावं, लोण्यासारखं पसरतं. त्याहून थंड झालं की केक ओरबाडला जातो.

फिलिंगबद्दल एवढंच. खरी काळजी ट्रफल्सची आहे.

७ मे

आज ट्रफल्सचं गनाश फाटलं. कसं फाटलं ते सविस्तर लिहिते, कारण चूक एकच नव्हती, तीन एकावर एक चढल्या.

ट्रफल्स उन्हाळ्यात हातात घ्यायची, म्हणून घट्ट हवीत. त्यासाठी मी ७० टक्क्यांचं चॉकलेट घेतलं आणि प्रमाणही अडीचास एक केलं: चॉकलेट ५०० ग्रॅम, क्रीम २०० ग्रॅम. कागदावर मांडायला हवं होतं, मांडलं नाही. चॉकलेटमधलं फॅट २१०, क्रीममधलं ५०, एकूण २६०. पाणी १३८. म्हणजे १.८८, आधीच काठावर.

क्रीम गॅसवर होतं तेव्हा ऑर्डरवाल्यांचा फोन आला. तीन-चार मिनिटं क्रीम खदखदत राहिलं. मी ते तसंच चॉकलेटवर ओतलं, दोन मिनिटं झाकलं आणि व्हिस्कने ढवळायला घेतलं.

पहिल्या मिनिटात ते ठीक दिसत होतं. मग मध्यभागी दाणेदार झालं, शिऱ्यासारखं, आणि भांड्याच्या कडेला पिवळसर तेलाची रेघ उभी राहिली. स्पॅच्युला उचलला तर गनाश त्याला चिकटेना, घसरून खाली पडलं. चांगलं गनाश जाड पट्टीसारखं ओघळतं आणि त्याची घडी क्षणभर वर दिसत राहते. इथे पट्टी नाही, चकाकी होती ती तेलाची.

भाची म्हणाली, "मावशी, परत जरा गरम कर, वितळेल सगळं." मलाही तेच वाटलं. डबल बॉयलरवर ठेवलं, जोरात घोटलं. थर्मामीटर ५८ वर गेला आणि तेल दुप्पट झालं. उष्णतेने कोको बटर पातळ होतं, थेंब अजून सहज एकत्र येतात. शिवाय वाफ जाते तीही पाण्याचीच. फाटलेलं गनाश तापवून घोटणं ही माझी तिसरी चूक.

भांडं उतरवून बाजूला ठेवलं आणि मगच डोकं चालवलं. क्रीमचं रिकामं पातेलं आधी वजन केलेलं होतं. क्रीम उकळल्यावर पातेल्यासकट आपोआप वजन झालं होतं, कारण ओतताना वजनकाटा चालूच होता. फरक काढला: २०० चं १७६ राहिलं होतं. २४ ग्रॅम वाफ होऊन गेले, आणि वाफ म्हणजे निव्वळ पाणी. १३८ चं ११४. आता हिशेब: २६० फॅट, ११४ पाणी, २.२८. हे गनाश एकत्र राहणारच नव्हतं.

म्हणजे त्याला चॉकलेट नको, लोणी नको, क्रीमसुद्धा फारसं कामाचं नाही, कारण क्रीमबरोबर पुन्हा फॅट येतं. पाणी हवं. पाणी चालतं, पण टोन्ड दूध घेतलं: फॅट तीन टक्के, बाकी बहुतेक पाणीच, वर दुधातली प्रथिनं थेंबांभोवती बसायला मदत करतात आणि चव पातळ होत नाही.

पुढचं कसं केलं ते पायरीपायरीने:

गनाश आपोआप ४० अंशांवर येऊ दिलं. दूधही ४० ला कोमट केलं. फ्रिजमधलं थंड दूध घातलं तर कोको बटर जागच्या जागी गोठतं आणि तेलाऐवजी दाणे मिळतात. एका स्वच्छ भांड्यात दोन मोठे चमचे दूध घेतलं, २४ ग्रॅम. आणि आता दूध गनाशमध्ये न ओतता गनाश दुधात घातलं, एकेक चमचा. असं केल्याने सुरुवातीला पाणी भरपूर असतं आणि फॅट थोडं, त्यामुळे पाणी बाहेरचं आणि फॅट आतलं ही रचना पहिल्या चमच्यापासून नीट बसते.

पहिला चमचा घातला, रबराच्या स्पॅच्युलाने भांड्याच्या मध्यावर छोटे गोल फिरवले. पातळ तपकिरी दूध झालं, काहीच आशादायक नाही. दुसरा, तिसरा. चौथ्या चमच्याला मध्यभागी रुपयाएवढी जागा चमकायला लागली, काळसर, ताणली जाणारी. तिथूनच फिरवत राहिले, कडेला जाऊ दिलं नाही. सहाव्या चमच्याला ती चमक सगळ्या भांड्यात पसरली. मग दोन-दोन चमचे घातले. शेवटचा तिसरा हिस्सा राहिला असताना कडेला पुन्हा तेलकट झाक आली. ढवळणं थांबवलं, आणखी एक चमचा कोमट दूध घातलं, १२ ग्रॅम, झाक गेली. एकूण दूध ३६ ग्रॅम. शेवटी हँड ब्लेंडर, पातं पूर्ण बुडवून, भांडं किंचित तिरकं धरून चाळीस सेकंद. पातं वर आलं की हवा शिरते आणि कापलेल्या ट्रफलमध्ये भोकं दिसतात.

आता फॅट २६१, पाणी १४६, म्हणजे १.७९. एकजीव, पट्टीसारखं पडणारं.

भाचीचा प्रश्न बरोबर होता: एवढं दूध घातल्यावर ट्रफल्स मऊ होणार नाहीत का? थोडी होतात. पण ट्रफल घट्ट होतं ते मुख्यतः कोको बटर गोठल्यामुळे, आणि ते सगळं आत शाबूत आहे. फाटलेल्या गनाशमध्ये तेच बाहेर पडून वेगळं गोठतं, आणि ट्रफल तोंडात वाळूसारखं लागतं. रात्री बेडरूमचा एसी १८ वर लावून तिथे क्लिंग रॅप लावून ठेवलं.

८ मे

सकाळी गनाश सुरीने कापलं. कड स्वच्छ, दाणा नाही. वळलं, चांगलं वळलं गेलं. ७० टक्क्यांचा कडवटपणा मात्र लहान मुलांना झेपणार नाही.

कालची भीती गेली म्हणून आज मुद्दाम शंभर-शंभर ग्रॅमचं गनाश तीन वाट्यांत बिघडवून बघितलं. वरून तिन्ही दाणेदारच दिसतात, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पहिल्या वाटीत पाणी कमी, कालच्यासारखं. दुसरी वाटी फ्रिजमध्ये ठेवून अर्धवट गोठताना ढवळत राहिले. तिचे दाणे निस्तेज होते, तेल जवळजवळ नाही. तिसरीचं चॉकलेट थेट गॅसवर तापवून जाळलं.

ओळखायची रीत: चमचाभर गनाश घ्यायचं, चमचा कोमट पाण्यावर धरून ३५ ते ४० अंशांपर्यंत आणायचं आणि हलकेच फिरवायचं. गुळगुळीत झालं तर ते फक्त थंडीने गोठलेलं होतं. सगळं भांडं तसंच कोमट करा, बाहेरून काही घालू नका. इथे दूध घातलं तर उगाच मऊ होईल. कोमट होऊनही तेल सुटलेलंच राहिलं तर त्याच चमच्यात दोन-तीन थेंब कोमट पाणी घालून फिरवायचं. मिटलं, तर पाणी कमी होतं, काल केलं ते करायचं. आणि दोन्ही करूनही जिभेवर कडक कण लागत असतील, करपल्याचा वास येत असेल, तर ते जळलेलं आहे. त्याला उपाय नाही. ते गाळून केकमध्ये वापरायचा मोहसुद्धा टाळावा, वास सगळीकडे जातो.

एका चमच्यावर हे बघायचं म्हणजे चूक झाली तरी चमचाभरच जाते.

११ मे

ट्रफल्सचं प्रमाण ठरवायचा दिवस. दोन्ही चॉकलेट्स निम्मी-निम्मी: २२५ ग्रॅम ५५ टक्क्यांचं, २२५ ग्रॅम ७० टक्क्यांचं, क्रीम २००. म्हणजे सव्वादोनास एक. फॅट ८१ अधिक ९४ अधिक ५०, एकूण २२५. पाणी १३८. आकडा १.६३. माझ्या या दोन चॉकलेटांपुरतं सांगायचं तर १.८ पर्यंत हँड ब्लेंडरने धरून ठेवता येतं, दोनच्या पुढे धरत नाही, आणि १.६ ला साध्या स्पॅच्युलानेही निभावतं.

क्रीम उकळलं नाही. कडेला बुडबुडे आले, मध्ये अजून शांत, तेवढ्यावर उतरवलं, थर्मामीटरवर ८०. पातेलं पुन्हा काट्यावर ठेवलं: ३ ग्रॅम कमी. तेवढं कोमट पाणी घालून २०० पुरं केलं. हे आता प्रत्येक वेळी करायचं, दहा सेकंदांचं काम आहे.

ओतून दोन मिनिटं थांबले, मध्यातून गोल फिरवलं, ४२ अंशांवर ब्लेंडर. बेडरूममध्ये ठेवायला नेलं तेवढ्यात लाईट गेली, तीन तास आली नाही. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. गनाश ३० अंशांवर तसंच राहिलं, नंतर रात्रभर १८ ला गोठलं. काहीच बिघडलं नाही. एकजीव झालेलं गनाश उशिरा गोठलं तरी चालतं. घाई करून फ्रिजमध्ये ढकललं असतं तर कडा दगड आणि मध्य मऊ, असं झालं असतं.

१२ मे

मुलीच्या मामांचा निरोप: त्यांच्या मित्रांसाठी वीस ट्रफल्स काजूफेणीची करा. फेणी हीसुद्धा पातळ वस्तू, ती वरून घालायची नाही, क्रीममधून वजा करायची. २० ग्रॅम फेणीसाठी क्रीम १८० घेतलं. फेणी सगळ्यात शेवटी, गनाश ३४ अंशांना आल्यावर, नाहीतर वास उडून जातो. या वीसांचा डबा वेगळा आणि वर ठळक चिठ्ठी.

१५ मे

तीन घाणे, प्रत्येकी ६५० ग्रॅम. तिसऱ्या घाण्याला कडेला तेलाची बारीक झाक दिसली. चमच्यावर तपासलं, पाणीच कमी. काटा बघितला तर क्रीमचं वजन पुरं करायचं राहून गेलं होतं, सात ग्रॅम कमी. एक छोटा चमचा कोमट दूध, ब्लेंडर, मिटलं. एवढ्या लवकर दिसलं की नवं भांडं घेऊन पहिल्यापासून करावं लागत नाही.

१६ मे

पहाटे साडेचारला वळायला बसलो, मी आणि जाऊबाई. त्या वेळी स्वयंपाकघर २७ अंश होतं. सहा वाजल्यानंतर वळणं म्हणजे हाताला चॉकलेट फासणं. चौदा ग्रॅमचा गोळा, तळहातावर तीनच फेरे. तीनाच्या पुढे तळहाताची ऊब आत जाते आणि गोळा चकचकायला लागतो. हात गार पाण्यात बुडवून पूर्ण कोरडे पुसायचे, ओला हात लागला की कोको पावडर चिखलासारखी चिकटते. जाऊबाईंचे हात मुळातच गार, त्यांची ट्रफल्स माझ्यापेक्षा गोल झाली. एकूण १३४ निघाली.

कोको पावडरमध्ये घोळवून बंद डब्यात, बटर पेपरच्या थरांत, फ्रिजमध्ये. उद्या डबा फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडायचा नाही. आपल्या हवेत थंड वस्तूला घाम फुटतो आणि पावडर काळी, ओली होते. बंद डबा तासभर बाहेर ठेवायचा, घाम डब्याला बाहेरून येऊ दे, मग उघडायचा. हे जाऊबाईंनी डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

१७ मे

केक सकाळी भरला, दुपारी तीनला ग्लेझ ओतलं, ३३ अंशांवर. कड जागेवर राहिली. १२० ट्रफल्स आणि केक पाचला पोचवले.

उरलेली चौदा ट्रफल्स घरी वेगळी ठेवली. सात स्वयंपाकघरात, उघड्या ताटलीत, ३१ अंशांवर. दोन तासांनी कड टिकून होती, बोटाने दाबलं तर दबत होतं. चार तासांनी खालची बाजू सपाट झाली, पण तेल नाही. सहा तासांनी कापलं: आत एकजीव, मऊ, दाणा नाही. म्हणजे मांडवातली दोन तासांची मुदत निभावली असणार. उरलेली सात फ्रिजमध्ये आहेत, २२ तारखेपर्यंत रोज एक कापून बघणार आहे.